लोखंडी खिळ्यावर तांबं चढेल का? क्रियाशीलता श्रेणीवरून आधीच कसं ओळखावं

मोरचूद सोलापूर जिल्ह्यात सहज मिळतं. डाळिंब आणि द्राक्षाच्या बागांत बोर्डो मिश्रण फवारतात, त्यामुळे खतं-औषधांच्या बहुतेक दुकानांत निळे खडे असतातच. रसायनशास्त्रात यालाच कॉपर सल्फेट म्हणतात. त्याच्या द्रावणात लोखंडी खिळा टाकला की तो तांबूस होतो, हे दहावीच्या पुस्तकात असतंच. पण खिळा टाकण्याआधीच हे कसं सांगायचं? आणि अंदाज चुकला तर दोष नियमाचा की खिळ्याचा, हे कसं ओळखायचं?

सगळ्यात आधी ही श्रेणी समोर लिहून ठेवा. सर्वांत क्रियाशील धातू डावीकडे आहे:

पोटॅशिअम, सोडिअम, कॅल्शिअम, मॅग्नेशिअम, ॲल्युमिनिअम, जस्त, लोखंड, कथिल, शिसं, (हायड्रोजन), तांबं, पारा, चांदी, सोनं.

डावीकडचा धातू आपले इलेक्ट्रॉन लवकर सोडतो. उजवीकडच्या धातूचे आयन ते इलेक्ट्रॉन घेतात आणि पुन्हा धातू होऊन बाहेर पडतात. विस्थापन म्हणतात ते एवढंच.

पायरी १: कोण सुटा, कोण विरघळलेला. आपल्या प्रयोगात लोखंड सुटा धातू आहे आणि तांबं द्रावणात आहे. सल्फेटकडे लक्ष देऊ नका, ते या क्रियेत बदलत नाही. मुलं इथेच जास्त गोंधळतात. ती दोन्ही नावं श्रेणीत शोधतात, पण सुटा कोण हे ठरवायचं विसरतात.

पायरी २: जागा पाहा. सुटा धातू विरघळलेल्या धातूच्या डावीकडे असेल तरच विस्थापन होईल. लोखंड तांब्याच्या डावीकडे आहे, म्हणजे होईल:

Fe + CuSO₄ → FeSO₄ + Cu

आता उलटं करून पाहा. हिराकस म्हणजे फेरस सल्फेट. त्याच्या द्रावणात तांब्याची तार टाकली, तर सुटं तांबं उजवीकडे आणि विरघळलेलं लोखंड डावीकडे. काहीच होणार नाही. तीच तार सिल्व्हर नायट्रेटमध्ये टाकली, तर मात्र तारेवर चांदी जमेल आणि रंगहीन द्रावण हळूहळू निळं होईल.

पायरी ३: काय दिसेल ते आधी लिहा. नुसतं ‘क्रिया होईल’ एवढं पुरेसं नाही. खिळ्यावर तांबूस थर येईल, निळा रंग फिका पडेल आणि शेवटी फिकट हिरवट झाक येईल, असं स्पष्ट लिहा. म्हणजे नंतर पडताळता येतं.

पायरी ४: करून पाहा. काचेच्या ग्लासात १०० मिलि पाणी घेऊन त्यात २.५ ग्रॅम मोरचूद विरघळवा. आपल्याकडचं बोअरचं पाणी जड असतं. त्यात मोरचूद टाकलं की बऱ्याचदा निळसर गढूळपणा येतो, कारण पाण्यातल्या क्षारांमुळे थोडं तांबं साक्याच्या रूपात वेगळं होतं. म्हणून इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर वापरा. साधा लोखंडी खिळा पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासा आणि दोरीने अर्धा बुडेल असा टांगा. पहिला तांबूस थर काही मिनिटांतच दिसतो. द्रावणाचा रंग उतरायला मात्र बरेच तास लागतात, कारण खिळ्यावर बसलेलं तांबंच खालच्या लोखंडाला झाकत जातं. द्रावण उघडं राहिलं तर हिरवट झाकेऐवजी तपकिरी गाळ दिसू शकतो. तो लोखंडाचा हवेतल्या ऑक्सिजनशी झालेल्या क्रियेतून येतो, त्यामुळे अंदाज चुकला असं समजू नका.

हिशेबही सोपा आहे. २.५ ग्रॅम मोरचुदात सुमारे ०.६४ ग्रॅम तांबं असतं. ते सगळं बाहेर यायला सुमारे ०.५६ ग्रॅम लोखंड विरघळावं लागतं. म्हणजे जमलेल्या तांब्यासह खिळ्याचं वजन जेमतेम ०.०८ ग्रॅमने वाढेल. थर भुसभुशीत असतो आणि त्याचे कण तळाशी गळतात, म्हणून वजनापेक्षा रंगावर भरवसा ठेवलेला बरा.

मोरचूद विषारी आहे. ग्लास पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नका, हात धुवा आणि मुलांसोबत मोठं माणूस असू द्या. उरलेलं द्रावण ओढ्यात किंवा विहिरीजवळ ओतू नका. त्यात आणखी लोखंडी खिळे टाकून निळा रंग पूर्ण जाईपर्यंत ठेवा, म्हणजे बहुतेक तांबं घन होऊन तळाशी बसतं.

पायरी ५: अंदाज चुकला तर धातूचा पृष्ठभाग तपासा. स्टेनलेस स्टीलचा चमचा मोरचुदात ठेवला तर तसाच राहतो. त्यात लोखंड भरपूर असतं, पण त्यातल्या क्रोमिअममुळे वर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर तयार होतो आणि द्रावण लोखंडापर्यंत पोहोचतच नाही. ॲल्युमिनिअमच्या फॉइलचंही तसंच. श्रेणीत ॲल्युमिनिअम लोखंडाच्याही डावीकडे, तरी फॉइल बराच वेळ गप्प पडून राहतो. द्रावणात चिमूटभर मीठ टाका, म्हणजे मिठातले क्लोराइड आयन तो थर फोडतात आणि क्रिया जोरात सुरू होते, ग्लासही तापतो. म्हणून हे अगदी थोड्या द्रावणात करा. खिळ्यावर जस्ताचा मुलामा असेल तर आधी लोखंड नव्हे, जस्तच क्रिया करतं.

डाव्या टोकाला नियमाची मर्यादा येते. सोडिअम तांब्याला विस्थापित करेल असं श्रेणीवरून वाटतं, पण सोडिअम आधी पाण्यावरच तुटून पडतं. त्यातून हायड्रोजन सुटतो, आग लागू शकते आणि तांब्याऐवजी निळा साका मिळतो. हा प्रयोग करूच नका. पाण्यातल्या द्रावणांसाठी मॅग्नेशिअमपासून पुढचे धातूच विचारात घ्या.

आता हाच विचार बागेत लावू. एक टक्का बोर्डोसाठी १ किलो मोरचूद, १ किलो चुना आणि १०० लिटर पाणी घेतात. मिश्रण प्लॅस्टिकच्या पिंपातच करायचं असतं, कारण लोखंडी पिंपात पायरी २ लगेच लागू होते: पिंपाचं लोखंड विरघळेल आणि फवारणीसाठी हवं असलेलं तांबं पिंपाला चिकटून बसेल.

मिश्रण तयार झालं की त्यात लोखंडी विळा किंवा खिळा साधारण मिनिटभर बुडवून पाहतात. तांबूस झाला तर चुना कमी पडला. चुन्यामुळे तांबं न विरघळणाऱ्या रूपात जातं. चुना पुरेसा असेल तर द्रावणात सुटे तांब्याचे आयन जवळपास उरत नाहीत, आणि विरघळलेलं तांबंच नसेल तर लोखंड कोणाला विस्थापित करणार? सुटे आयन उरले तर पानं आणि फळं भाजतात, म्हणून थोडी चुन्याची निवळी घालून पुन्हा तपासतात. चुना जुना असेल तर बरोबरीचं वजन घेऊनही कमी पडू शकतो, म्हणून ही तपासणी दर वेळी करावी.

आणि विळा साधा लोखंडीच हवा, घासून स्वच्छ केलेला. स्टेनलेस स्टीलची सुरी बुडवली तर चुना कितीही कमी असला तरी ती चकचकीतच बाहेर येईल, आणि मिश्रण ठीक आहे असं समजून तुम्ही ते तसंच फवाराल.