आजीचं बालपण, डोळे मात्र तेच

आजीचा लहानपणीचा फोटोच नसेल, तर मोठेपणीच्या फोटोवरून एआयकडून सात वर्षांची आजी करून घेता येते. नुसतं ‘लहान कर’ म्हटलं की बाहुलीसारखे टपोरे डोळे येतात आणि आजी हरवते. सातव्या वर्षानंतर डोळे फारसे वाढत नाहीत; वाढतात नाक आणि जबडा. म्हणून सूचनेत लिहा: डोळ्यांचा आकार, कोपऱ्यांचा तिरकेपणा तसाच ठेव, नाक आखूड, हनुवटी लहान कर. मग बुबुळांवर बुबुळं जुळवून दोन्ही फोटो एकमेकांवर ठेवा, वरचा फोटो अर्धपारदर्शक करा. डोळ्यांचे कोपरे सरकलेले दिसले तर तेवढाच भाग पुन्हा करून घ्या. म्हातारपणी पापण्या ओघळतात, त्यामुळे तिशीतला फोटो मिळाला तर उत्तम. आणि आजीच्या गालावरची, आईच्याही गालावर असलेली खळी पुसली जात नाही ना, ते बघा.