जीन्स न धुता ताजी ठेवताय? या चुका टाळा

दिवसभर घातलेली जीन्स काढली, घडी केली आणि थेट कपाटात ठेवली, इथेच निम्मं बिघडतं. ताज्या घामाला फारसा वास नसतो. कापडात ओल राहिली की जिवाणू त्या घामावर पोसतात आणि मग कुबट वास सुटतो. म्हणून आधी ओल घालवायची. खिसे रिकामे करा, जीन्स उलटी करा, चेन उघडी ठेवा आणि कमरेला चिमटे लावून वाऱ्यावर रात्रभर टांगा. दिवसा टांगायची तर सावलीत, कारण कडक उन्हात निळा रंग विटतो. कमरपट्टा आणि जांघेची शिवण सगळ्यात उशिरा वाळते, तेव्हा हात तिथे लावून बघा.

वासावर अत्तर किंवा स्प्रे मारू नका. अंगाच्या उबेने जीन्स तापली की दोन्ही वास एकत्र येतात. जीन्स फ्रीजरमध्ये ठेवायचा उपायही फसवा आहे. थंडीत बरेचसे जिवाणू मरत नाहीत, नुसते गप्प बसतात.

डागांच्या बाबतीत सर्रास होणारी चूक म्हणजे ओल्या फडक्याने घासणं. माझ्या गडद निळ्या जीन्सवर मांडीपाशी तेलाचा थेंब पडला, तेव्हा मी घाईने साबण लावून खसाखसा घासलं. डाग गेला, पण तिथे फिकट चट्टा उठला आणि भोवती पाण्याची कड राहिली. असल्या जीन्समध्ये नीळ धाग्याच्या वरच्या थरातच असते, आतला गाभा पांढराच राहतो. घासलं की तो उघडा पडतो.

आता मी तेल आधी कोरड्या कापडाने टिपते, वर टाल्कम पावडर भुरभुरते आणि अर्ध्या तासाने झटकते. मग आत पांढरं फडकं धरून, भांड्यांच्या लिक्विडचा एक थेंब पाण्यात मिसळून, कडेकडून मध्याकडे टिपते. नंतर साध्या पाण्याने साबण टिपून काढते आणि ओल्या बोटांनी कड बाहेरच्या बाजूला पुसट करत नेते. डाग पूर्ण गेल्याशिवाय इस्त्री फिरवायची नाही, उष्णतेने तो पक्का बसतो. रक्त किंवा दूध सांडलं असेल तर पाणी गारच हवं. रंग सुटतो का, हे आधी पायाच्या आतल्या दुमडीवर बघून घ्या.

आणि धुणं कधी टाळायचं नाही? रात्रभर वारा लागूनही, अर्धा तास घातल्यावर वास परत आला तर. घामाचे पांढरे पट्टे दिसले, बुरशीचे ठिपके आले किंवा जांघेपाशी कापड चिकट लागलं, तरीही. त्या मळातले बारीक कण चालताना धागे घासतात आणि जीन्स नेमकी तिथेच फाटते. गजकर्ण झालं असेल तर जीन्स न धुता पुन्हा घालायचीच नाही. तेव्हा लेबलवर चालत असेल तर ६० अंशांच्या पाण्यात धुवा, रंग थोडा गेला तरी चालेल. एरवी उलटी करून, चेन लावून, गार पाण्यात, सौम्य पावडरीने धुवा आणि सावलीत वाळवा.