एकच इअरबड बंद पडलाय? आधी डबीतल्या पिना बघा

रात्री दोन्ही बड डबीत ठेवले. सकाळी काढले तर डावा शंभर टक्के आणि उजवा मेलेला. अशा वेळी बहुतेकांना वाटतं की उजव्याची बॅटरी गेली. बऱ्याचदा ती गेलेली नसते, रात्रभरात ती भरलेलीच नसते.

बड डबीत नीट बसला की डबीच्या पिनांमधून येणारा विद्युतदाब त्याला जाणवतो. त्यावरून त्याला कळतं की आपण डबीत आहोत. मग तो ब्लूटूथ बंद करतो आणि चार्जिंग घेऊ लागतो. एक जरी पिन टेकली नाही, तरी बडच्या लेखी तो अजून बाहेरच असतो. फोन जवळ असेल तर तो रात्रभर त्याला जोडलेला राहतो आणि सकाळपर्यंत रिकामा होतो. एका बडमध्ये जेमतेम 30 ते 60 एमएएचची बॅटरी असते, तिला संपायला वेळ लागत नाही. हे ओळखायची खूण सोपी आहे: डबीचं झाकण लावल्यावरही फोनवर हेडफोनचं चिन्ह दिसत राहतं, किंवा कॉल उचलला तर समोरच्याचा आवाज फोनमधून न येता डबीतल्या बडमध्ये जातो.

म्हणून आधी एवढं ठरवा: बडला चार्जच नाही, की चार्ज आहे पण आवाज नाही? फोनच्या ब्लूटूथ यादीत किंवा कंपनीच्या अॅपमध्ये डाव्या-उजव्याचे टक्के वेगळे दिसत असतील तर ते बघा. चार्ज आहे आणि तरी आवाज नाही, तर फोनच्या अॅक्सेसिबिलिटी सेटिंगमधली ऑडिओ बॅलन्सची पट्टी एका बाजूला सरकली आहे का ते तपासा. आवाज हळूहळू बारीक होत गेला असेल तर जाळीत कानातला मळ आहे. रबरी टोपी काढा, जाळी खाली तोंड करून धरा आणि कोरड्या मऊ ब्रशने झटका. जाळीवर द्रव पदार्थ लावू नका, मळ विरघळून आत जातो. सुई तर नकोच, जाळी फाटते.

आता चार्ज न होणारा बड. तो डबीत ठेवून बोटाने हलकेच दाबा. दाबल्यावर दिवा लागला आणि सोडल्यावर विझला, तर दोष संपर्काचा आहे. मूळ टोपीच्या जागी मोठी किंवा फोमची टोपी लावली असेल तर ती आधी काढून बघा. जाड टोपीमुळे बड अर्धा-एक मिलिमीटर वर राहतो आणि झाकण त्याला पुरेसं दाबत नाही. नवा संच असेल तर बडच्या संपर्कबिंदूंवर पारदर्शक प्लास्टिकची चिकटपट्टी राहिली असेल, तीही शोधा.

टोपी ठीक असेल तर साफसफाई करा. साहित्य थोडंच लागतं: कापसाच्या काड्या, मऊ टूथब्रश, लाकडी टूथपिक आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल. ते 99 टक्क्यांचं घ्या. हाताला लावायचा सॅनिटायझर चालणार नाही, त्यातलं ग्लिसरीन मागे चिकट थर सोडतं.

1. डबीचा चार्जर काढा. मोबाइलच्या टॉर्चचा उजेड तिरका पाडून खाचेत बघा. निरोगी पिना एकाच उंचीच्या आणि चमकदार असतात. काळपट किंवा हिरवट थर म्हणजे घाम. घामातल्या मिठावर ओल आणि विद्युतदाब एकत्र आले की धातू गंजतो, म्हणून व्यायामानंतर ओले बड तसेच डबीत टाकणाऱ्यांना हा त्रास लवकर होतो.
2. डबी उलटी करून कोरड्या ब्रशने धूळ आणि कापसाचे तंतू झटका.
3. कापसाची काडी अल्कोहोलने ओलसर करा, थेंब गळेल इतकी नको. पिनांवर आणि बडच्या चपट्या बिंदूंवर फिरवा. कापूस काळा झाला की नवी काडी घ्या.
4. प्रत्येक पिनेखाली बारीक स्प्रिंग असते. एखादी पिन खाली अडकली असेल तर तिच्यावर काडीने किंचित अल्कोहोल लावा आणि टूथपिकच्या बोथट टोकाने सरळ खाली दाबून सोडा, असं दहा-पंधरा वेळा. आडवी ढकललीत तर ती वाकते.
5. झाकण उघडं ठेवून पंधरा मिनिटं वाळू द्या, मगच बड ठेवा.

डाग जात नाही म्हणून सँडपेपर किंवा ब्लेड वापरायचा मोह होतो. पिनांवरचा सोन्याचा मुलामा अतिशय पातळ असतो. तो खरवडला की आज चार्जिंग सुरू होतं, पण खालचा धातू उघडा पडल्याने पुढच्या वेळी गंज आणखी लवकर चढतो.

साफ करूनही बड चार्ज होत नसेल तर ओळखीत कोणाकडे अगदी तेच मॉडेल आहे का बघा आणि आपला बड त्यांच्या डबीत ठेवा. तिथे चार्ज झाला तर दोष आपल्या डबीचा. मल्टिमीटरपेक्षा ही चाचणी भरवशाची आहे, कारण काही डब्या बड बसल्याशिवाय पिनांवर पूर्ण विद्युतदाब सोडतच नाहीत, आणि मीटरवर शून्य बघून चांगली डबी फेकली जाते.

चार्ज आहे, जाळी साफ आहे, तरी एकच बड वाजतो? मग दोघांची आपापसातली जोडी तुटली असेल. ब्लूटूथ यादीत एकाच नावाच्या दोन नोंदी दिसल्या तर हेच समजा. रिसेट करण्याआधी दोन्ही बड किमान अर्धे चार्ज करा. एक रिकामा असेल तर दुसराच रिसेट होतो आणि जोडी परत जुळत नाही. आधी ज्या ज्या फोनला, लॅपटॉपला बड जोडले होते तिथून ते ‘फर्गेट’ करा आणि त्यांचं ब्लूटूथ बंद ठेवा, नाहीतर एखादा बड मध्येच जुन्या उपकरणाला जाऊन चिकटतो. मग दोन्ही बड डबीत ठेवून झाकण उघडा आणि डबीचं बटण दहा-पंधरा सेकंद दाबून ठेवा. बटण असलेल्या एअरपॉड्सच्या डबीत दिवा आधी पिवळसर आणि मग पांढरा लुकलुकतो. बटण नसलेल्या मॉडेलमध्ये कुठे किती वेळ दाबायचं हे कंपनीगणिक बदलतं, तेवढं पत्रकात बघा. त्यानंतर एकाच फोनला नव्याने जोडा.

एवढं होऊनही एक बड लवकर संपत असेल तर बॅटरीकडे वळा. दोन्ही पूर्ण चार्ज करा, निम्म्या आवाजावर एकच यादी लावा आणि कोणता कधी बंद पडतो ते लिहून ठेवा. समजा डावा 4 तास चालला आणि उजवा 1 तास 10 मिनिटांत संपला, तर उजव्याची बॅटरी झिजली आहे. पंधरा-वीस मिनिटांचा फरक मात्र मनावर घेऊ नका. काही मॉडेलमध्ये कॉलचा माइक एकाच बडवर चालतो, तो साहजिकच आधी संपतो. 40 टक्के दिसत असताना बड अचानक बंद पडणं हीसुद्धा झिजेचीच खूण आहे.

महिनोन्‌महिने कपाटात पडलेला बड लगेच बाद ठरवू नका. बॅटरी फार खाली गेली की चार्जिंग अगदी संथ सुरू होतं, दिवाही लागत नाही. पिना साफ करून तो डबीत ठेवा आणि डबी चार्जरला लावून पाच-सहा तास थांबा.

झिजलेली बॅटरी घरी बदलायच्या फंदात पडू नका. कवच गोंदाने चिकटवलेलं असतं, ते उघडताना आतली बारीक तार तुटते आणि डाग देताना उष्णतेने बॅटरी फुगू शकते. वॉरंटी असेल तर तीही जाते. कंपनी सुटा बड विकते का ते विचारा, आणि घेताना मॉडेल क्रमांक तंतोतंत जुळवा. नवा बड आला की वरचा रिसेट पुन्हा करावा लागतो, तोवर जुना त्याला ओळखत नाही. बडचा सांधा उकलला असेल किंवा तो अचानक डबीत घट्ट बसू लागला असेल तर बॅटरी फुगली आहे. तो पुन्हा चार्ज करू नका, आणि कचऱ्याच्या डब्यात न टाकता ई-कचरा संकलनात द्या.