जीएसटीची कारणे दाखवा नोटीस आली, तर उत्तर कसे द्यावे

नोटीस हाती पडली की बहुतेक व्यापारी पहिला प्रश्न विचारतात, "किती भरावे लागतील?" तो प्रश्न नंतरचा. आधी पाहायचे ते असे की नोटिशीतली रक्कम नेमकी कोणत्या आकड्यांच्या वजाबाकीतून निघाली आहे. उत्तराची सगळी ताकद त्या वजाबाकीत असते.

सांगलीतल्या एका टाइल्स विक्रेत्याचे उदाहरण घेऊ. प्रकरण कल्पित आहे, पण अशा नोटिसा रोज निघतात. आर्थिक वर्ष २०२३-२४, कलम ७३, म्हणजे फसवणुकीचा आरोप नसलेले प्रकरण, नोटिशीची तारीख २७ ऑक्टोबर २०२५. आरोप एका ओळीचा: कर भरण्याच्या GSTR-3B विवरणपत्रात घेतलेला आयटीसी, म्हणजे खरेदीवरच्या कराचे क्रेडिट, GSTR-2B पेक्षा, म्हणजे पुरवठादारांनी दाखवलेल्या बिलांवरून पोर्टल बनवते त्या पत्रकापेक्षा, २,४०,००० रुपयांनी जास्त आहे, कर, व्याज आणि दंड का वसूल करू नये?

आधी तारखा लिहून काढा

नोटीस टपालाने येईल अशी वाट पाहू नका. पोर्टलवर टाकलेली नोटीसही बजावलेली धरली जाते, आणि ती अनेकदा आडबाजूच्या मेनूत असते. लॉगिन करून दोन्ही जागा पाहा:

```
Services > User Services > View Notices and Orders
Services > User Services > View Additional Notices/Orders
```

नोंदणीतला ईमेल आणि मोबाइल जुन्या अकाउंटंटचा असेल तर आजच बदला. एकतर्फी आदेश निघतात त्यातले बरेच याच कारणाने.

पोर्टलवर दिसणारा DRC-01 हा नोटिशीचा फक्त गोषवारा असतो. त्याला जोडलेली सविस्तर नोटीस आणि तक्ते उतरवून घ्या. मग तीन तारखा वेगळ्या लिहा. उत्तराची मुदत नोटिशीत दिलेली असते. आपल्या उदाहरणात २१ नोव्हेंबर. सुनावणी २५ नोव्हेंबरला. तिसरी तारीख ठळक दिसत नाही: कलम ७३ खाली नोटीस निघाल्यापासून ३० दिवसांत कर आणि व्याज भरले तर दंड लागत नाही. म्हणजे २६ नोव्हेंबर. उत्तराला मुदतवाढ मिळाली म्हणून ही तारीख पुढे सरकत नाही, आणि लोक इथेच फसतात. नंतर आदेश झाला तर दंड कराच्या १० टक्के किंवा १०,००० रुपये, यातली मोठी रक्कम.

२०२४-२५ पासूनच्या वर्षांना कलम ७४अ लागू आहे. तिथे फसवणुकीचा आरोप नसेल तर हीच सवलत ६० दिवसांची आहे. नोटिशीवर कलम ७४ असेल, म्हणजे फसवणूक किंवा माहिती दडवल्याचा आरोप असेल, तर जाणकाराला दाखवल्याशिवाय एक ओळही लिहू नका.

रक्कम फोडा

आता २,४०,००० रुपयांचे तुकडे करा. आपल्या विक्रेत्याने वर्षभराची खरेदी खतावणी 2B शी बिलवार ताडून पाहिली, तेव्हा फरकाचे तीन भाग निघाले.

पहिला भाग १,३८,००० रुपयांचा. ही बिले मार्च २०२३ ची, म्हणून आदल्या वर्षाच्या 2B मध्ये दिसतात. माल मात्र गोदामात एप्रिलमध्ये उतरला. माल मिळाल्याशिवाय क्रेडिट घेता येत नाही, म्हणून ते एप्रिल २०२३ च्या 3B मध्ये घेतले. त्यासाठी शेवटची मुदत ३० नोव्हेंबर २०२३ होती, म्हणजे क्रेडिट वेळेत आहे. पुरावा: बिले, ट्रकची बिल्टी, ई-वे बिल, आवक रजिस्टरची पाने, मार्च २०२३ चे 2B, पुरवठादाराला पैसे दिल्याचे बँक स्टेटमेंट आणि २०२२-२३ चे GSTR-9 हे वार्षिक विवरणपत्र, ज्यात पुढच्या वर्षी घेतलेले क्रेडिट तक्ता १३ मध्ये दाखवलेले असते. यातली बिल्टी आणि आवक रजिस्टर सर्वांत मोलाचे, कारण माल कधी पोचला हे त्यांतूनच कळते.

दुसरा भाग ४८,००० रुपयांचा. नोंदणी नसलेल्या ट्रान्सपोर्टवाल्यांच्या ९,६०,००० रुपये भाड्यावर विक्रेत्याने स्वतः ५ टक्के रिव्हर्स चार्ज, म्हणजे सेवा देणाऱ्याऐवजी घेणाऱ्याने भरायचा कर, भरला आणि त्याचे क्रेडिट घेतले. समोरच्याची नोंदणीच नाही, तर ते 2B मध्ये येणार कुठून? 3B चा तक्ता 3.1(d), क्रेडिटचा 4(A)(3), कॅश लेजर, भाड्याच्या पावत्या आणि स्वतः बनवलेली बिले जोडली की हा भाग सुटतो.

तिसरा भाग ५४,००० रुपयांचा. तीन लाखांचे एक बिल, १८ टक्के कर. पुरवठादाराने ते आपल्या विक्रीच्या GSTR-1 विवरणपत्रात दाखवलेच नाही. माल आला, पैसे दिले, सगळे खरे. पण २०२२ पासून 2B मध्ये न दिसणाऱ्या बिलाचे क्रेडिट मिळत नाही. माझ्या मते इथे भांडण्यात अर्थ नाही. हे क्रेडिट २० नोव्हेंबर २०२३ ला वापरले गेले. २० नोव्हेंबर २०२५ ला DRC-03 या पैसे भरण्याच्या फॉर्मने कर आणि १८ टक्क्यांनी साधारण साडेएकोणीस हजार व्याज भरले. DRC-03 भरताना कारण म्हणून SCN, म्हणजे कारणे दाखवा नोटीस, निवडून नोटिशीचा क्रमांक टाकावा, नाहीतर ती रक्कम या प्रकरणाशी जोडली जात नाही. क्रेडिट घेतले पण लेजरमध्ये तेवढी शिल्लक कायम पडून होती, असे असेल तर व्याज लागत नाही. भरण्याआधी लेजर पाहा.

चुकीचा भाग मान्य केला की उरलेल्या भागांबद्दलचे म्हणणे अधिक विश्वासाने ऐकले जाते, असा माझा अनुभव आहे.

उत्तर लिहा

उत्तर पोर्टलवर DRC-06 मध्ये जाते. सोबतच्या पत्रात प्रत्येक भागाला वेगळा परिच्छेद द्या आणि प्रत्येक विधानापुढे जोडपत्राचा क्रमांक लिहा. भाषा अशी असावी:

"रु. १,३८,००० बाबत: ही मागणी मान्य नाही. संबंधित बिले मार्च २०२३ च्या 2B मध्ये आहेत (जोडपत्र २). माल एप्रिल २०२३ मध्ये मिळाला (जोडपत्र ३, बिल्टी व आवक नोंद). क्रेडिट कलम १६(४) च्या मुदतीत घेतले आहे. ही मागणी रद्द करावी."

"आमचा व्यवहार प्रामाणिक आहे" अशी पानभर वाक्ये अधिकाऱ्याच्या उपयोगाची नसतात. आणि पुरावा हातचा राखू नका. अपिलात नवीन कागद दाखल करायला नियम ११२ खाली मोजकीच कारणे चालतात. मान्य रकमेच्या परिच्छेदात कलम ७३(८) प्रमाणे दंड लावू नये, अशी मागणी स्पष्ट लिहा.

कागद गोळा व्हायला वेळ लागणार असेल तर मुदत संपण्याआधी लेखी मुदतवाढ मागा आणि त्याची पोच जपा.

सुनावणी

DRC-06 मध्ये वैयक्तिक सुनावणी हवी का, या प्रश्नाला "Yes" करा. तुम्ही लेखी मागितली असेल किंवा आदेश तुमच्या विरुद्ध जाणार असेल, तर कलम ७५(४) प्रमाणे सुनावणी द्यावीच लागते. तारीख बदलून घेता येते, पण तीनपेक्षा जास्त वेळा नाही. स्वतः जाता येते. वकील, सीए, नातेवाईक किंवा पगारी कर्मचारीही अधिकारपत्र घेऊन जाऊ शकतो.

तिथे जाताना तीन भागांचा एक पानी तक्ता आणि मूळ बिले न्या. अधिकारी विचारतील तेवढेच बोला, पण तक्ता फाइलला लावून घ्या. शेवटी सुनावणीची नोंद लिहिली जाते. सही करण्याआधी ती पूर्ण वाचा. "करदात्याला आणखी काही सांगायचे नाही" असे लिहिले असेल आणि बिल्टी द्यायची राहिली असेल, तर ते वाक्य तिथेच दुरुस्त करायला सांगा. नवा कागद दिला तर तो त्याच दिवशी पोर्टलवरही चढवा.

आदेशाचा गोषवारा DRC-07 मध्ये येतो. तो नोटिशीशी ताडून पाहा: नोटिशीपेक्षा जास्त रक्कम किंवा नोटिशीत नसलेले कारण आदेशात घालता येत नाही. आदेश मिळाल्यापासून तीन महिन्यांत अपील करावे लागते आणि त्यासाठी वादातल्या कराच्या १० टक्के आधी भरावे लागतात. सबळ कारण असेल तर उशिराला फक्त एक महिना माफी मिळते.