चार शाळांच्या पायलटवरून आयसीसी काढू नका

माझ्या पहिल्या प्रोटोकॉलमध्ये आयसीसी, म्हणजे एकाच शाळेतली मुलं एकमेकांसारखी किती याचं माप, 0.01 होता आणि त्याच्यापुढे एवढंच लिहिलं होतं: पायलटवरून. त्या एका शब्दापायी माझं जवळपास वर्ष गेलं. सातारा जिल्ह्यातल्या माध्यमिक शाळांत नववीच्या मुलांसाठी मानसिक आरोग्याचा कार्यक्रम तपासायचा होता. शाळा म्हणजे क्लस्टर, दोन आर्म, मुख्य निष्पत्ती मुलांनी स्वतः भरलेल्या एसडीक्यू या प्रश्नावलीचा एकूण अडचणींचा स्कोअर. तुम्ही अशाच कामाला लागला असाल, तर हे सॅम्पल साइजचा परिच्छेद लिहिण्याआधी वाचा.

सुरुवातीचं गणित सोपं आहे. एसडीक्यूचा एकूण स्कोअर 0 ते 40 असतो. आमची एसडी 5 धरली होती आणि दीड गुणाचा फरक पकडायचा होता, म्हणजे इफेक्ट साइज 0.3. 80 टक्के पॉवर आणि 5 टक्के अल्फा धरला, तर प्रत्येक आर्मला 175 मुलं लागतात, पण ती मुलं एकमेकांपासून स्वतंत्र असतील तरच. एका शाळेतली मुलं तशी नसतात. गाव एक, वर्गशिक्षक एक, परीक्षेचं दडपणही एकच. म्हणून 175 ला डिझाइन इफेक्टने गुणायचं: `1 + (m − 1) × ICC`. इथे m म्हणजे एका शाळेतली मुलं.

आम्ही शाळेमागे 40 मुलं धरली. आयसीसी 0.01 असेल तर डिझाइन इफेक्ट 1.39 येतो आणि आर्ममागे 7 शाळा पुरतात. तोच 0.05 असेल तर 2.95 येतो आणि 13 शाळा लागतात. मी 7 लिहिल्या आणि खूश झाले. शाळा कमी म्हणजे परवानग्या कमी, प्रवास कमी.

समितीतल्या संख्याशास्त्राच्या सरांनी एकच प्रश्न विचारला: "हा 0.01 किती शाळांवरून आला?" चार. "आणि त्या चार कुठल्या?" चारही सातारा शहराजवळच्या, एकाच संस्थेच्या, एसटीने तासाभरात पोहोचता येतील अशा. उत्तर देतानाच माझ्या लक्षात आलं की मी काय केलंय.

आयसीसी म्हणजे एकूण फरकातला शाळा-शाळांमधल्या फरकाचा वाटा. मी शाळाच सारख्या निवडल्या होत्या, मग त्यांच्यात फरक दिसणार कुठून? माणमधली दुष्काळी गावची शाळा त्यात नव्हती, पाटणच्या खोऱ्यातली किंवा जावळीतली डोंगरातली नव्हती, कराडची भरगच्च तुकड्यांची नव्हती. मुख्य अभ्यास मात्र या सगळ्या शाळांत होणार होता. पायलट सोयीच्या शाळांत करण्यात काही गैर नाही. प्रश्नावली मुलांना कळते का, किती वेळ लागतो, हे तिथे नीट समजतं. फक्त त्यातून आयसीसी काढायचा नाही.

समजा, चार शाळा अगदी चिठ्ठ्या टाकून निवडल्या असत्या, तरी भागलं नसतं. मुलं 120 असली तरी शाळांमधला फरक मोजायला तुमच्या हातात चारच आकडे असतात. आर मध्ये स्वतः चालवून बघा. शाळेमागे 30 मुलं, 4 शाळा आणि आयसीसी 0.01 असताना 95 टक्के अंतराची वरची मर्यादा किती येते ते हे सांगतं:

```r
m <- 30; k <- 4; icc <- 0.01
f0 <- (1 + (m-1)*icc) / (1 - icc)
fu <- f0 / qf(0.025, k-1, k*(m-1))
(fu - 1) / (fu + m - 1)
```

उत्तर येतं साधारण 0.36. खालची मर्यादा शून्याच्याही खाली जाते. म्हणजे माझ्या पायलटने एवढंच सांगितलं होतं की आयसीसी शून्य ते 0.36 यांच्या मधे कुठेतरी आहे. एवढं तर पायलट न करताही लिहिता आलं असतं.

मी 7 शाळांवरच अडून बसले असते आणि खरा आयसीसी 0.05 निघाला असता तर? आर्ममध्ये 280 मुलं, पण ती भरतात 95 स्वतंत्र मुलांएवढीच. पॉवर 54 टक्क्यांवर येते. कार्यक्रम खरोखर उपयोगी असला, तरी जवळजवळ निम्म्या वेळा "फरक आढळला नाही" असं लिहून मोकळं व्हावं लागलं असतं.

तेव्हा माझ्या एका वरिष्ठांनी सुचवलं, "शाळा तेवढ्याच ठेव, प्रत्येकीत 80 मुलं घे." हा सल्ला तुम्हालाही मिळेल. तो ऐकू नका. 7 शाळांत 80 प्रमाणे 560 मुलं घेतली तर पॉवर 54 वरून 62 वर जाते, बस्स. तीच 560 मुलं 14 शाळांत 40 प्रमाणे घेतली तर ती 83 टक्के होते. आयसीसी 0.05 असताना एका शाळेतून कितीही मुलं घ्या, ती 20 स्वतंत्र मुलांपेक्षा जास्त मोलाची होत नाहीत (1 भागिले 0.05). म्हणजे आर्ममागे 9 पेक्षा कमी शाळांत 175 चं लक्ष्य गाठताच येत नाही, अगदी सगळी शाळा बसवली तरी.

मग आकडा आणायचा कुठून? प्रकाशित झालेल्या शालेय ट्रायल्सच्या निकालांच्या विभागातून. क्लस्टर ट्रायल्ससाठीचं कन्सॉर्टचं 2012 चं विस्तारपत्रक मुख्य निष्पत्तीचा आयसीसी द्यायला सांगतं, त्यामुळे शोधलं की सापडतो. पण तो आपल्याच निष्पत्तीचा, आपल्याच वयाचा आणि आपण भरून घेतो तशाच पद्धतीने भरलेला आहे ना, हे बघा. मुलांनी स्वतः भरलेल्या लक्षणांच्या स्कोअरचा आयसीसी बहुतेकदा 0.05 च्या आत असतो. "शाळेतलं वातावरण कसं आहे" असं विचारलं तर तो वाढतो, कारण प्रश्नच शाळेबद्दलचा आहे. एकच शिक्षक पूर्ण वर्गाचे फॉर्म भरत असेल तर आणखी वाढतो, कारण त्या शिक्षकाची सढळ किंवा कडक नजर प्रत्येक मुलाच्या स्कोअरमध्ये उतरते. मुलं फॉर्म भरत असताना वर्गशिक्षक बाकांमधून फिरत राहिले तरी उत्तरं एकसारखी होऊ लागतात. आम्ही त्यांना नम्रपणे बाहेर थांबायची विनंती करायचो.

शेवटी मी आयसीसी 0.05 धरला. मला सांभाळून धरलेला आकडा आवडतो, त्याबद्दल कोणी वाद घातला तरी चालेल. शाळा लहानमोठ्या असल्यामुळे पटसंख्येचा चलन गुणांक 0.4 धरला आणि डिझाइन इफेक्ट `1 + ((1 + CV²) × m − 1) × ICC` या सूत्राने काढला. तो 3.27 आला, म्हणजे आर्ममागे 15 शाळा. शाळांची संख्या कमी असते तेव्हा नॉर्मल वितरणाचं गणित जरा उदार ठरतं, म्हणून प्रत्येक आर्मला आणखी एक शाळा. एकूण 32. आयसीसी 0.08 निघाला तर पॉवर 70 टक्क्यांच्या जवळ येते, हेही त्याच परिच्छेदात स्पष्ट लिहिलं. घाबरू नका. हे लिहिलं म्हणून प्रस्ताव परत येत नाही. माझा तर याच कारणाने पुढे गेला.

गळती मात्र वेगळी मोजा. माण-खटावमधली काही मुलं हंगामात आईवडिलांबरोबर ऊसतोडीला जातात, आणि आमची फेरतपासणी नेमकी फेब्रुवारीत होती. 15 टक्के गळती धरल्यावर 40 साठी शाळेमागे सरासरी 47 मुलं नोंदवावी लागली. पण एखादी शाळाच बाहेर पडली तर जास्तीची मुलं तिची जागा भरून काढत नाहीत. म्हणून दोन राखीव शाळा ठेवल्या होत्या, त्यांची संमती घेऊन आणि चिठ्ठ्या टाकण्याआधीच यादीत नाव घालून. कुठल्या आर्ममध्ये कोण हे कळल्यावर शाळा बदलली, तर ती निवड यादृच्छिक राहत नाही.