वर्ड फाइल्समध्ये विभागाचं नाव बदलताय? या चुका टाळा

समजा ‘आस्थापना विभाग’चं नाव आता ‘मनुष्यबळ शाखा’ झालंय. बहुतेक जण फाइल उघडतात, Ctrl+H दाबतात, जुनं-नवं नाव टाकतात आणि थेट Replace All. पण मराठीत नाव नुसतं कुठे येतं, ते विभागाने, विभागाकडे, विभागातील असंच येतं. मग एकतर ‘शाखााने’ असलं काहीतरी तयार होतं नाहीतर तो शब्द सुटूनच जातो.

म्हणून बदल या क्रमाने करा, वरून खाली, उलटं नको:

```
आस्थापना विभागांतर्गत → मनुष्यबळ शाखेअंतर्गत
आस्थापना विभागा → मनुष्यबळ शाखे
आस्थापना विभाग → मनुष्यबळ शाखा
```

दुसऱ्या ओळीतच बरंचसं काम होतं, कारण ‘विभागा’चं ‘शाखे’ झालं की पुढचं ने, ला, कडे, तील आपोआप बरोबर बसतं. पहिली ओळ आधी घ्यायची कारण नाहीतर अनुस्वार मधे येऊन ‘शाखेंतर्गत’ होतं. लिंग मात्र वर्ड बदलत नाही, ‘आमचा मनुष्यबळ शाखा माहिती ठेवतो’ असली वाक्यं वाचूनच दुरुस्त करावी लागतात.

आता सुरुवात करण्याआधीची तपासणी, ही वगळू नका. आधी पूर्ण फोल्डरची कॉपी काढा, कारण सेव्ह करून फाइल बंद केली की Ctrl+Z काही उपयोगाचं नाही. मग एका फाइलमध्ये Ctrl+F करून नुसतं ‘आस्थापना’ शोधा, समजा 14 सापडले, आणि मग ‘आस्थापना विभाग’ शोधा, तर 11च. उरलेले 3 कुठे गेले ते बघा. कुणीतरी दोन स्पेस दिलेल्या असतात किंवा मधे ओळ तोडलेली असते, कधी ‘आस्थापना खर्च’ असा वेगळाच शब्द असतो ज्याला हात लावायचा नाही. दोन स्पेसवाले पकडायला Find what मध्ये स्पेसच्या जागी ^w टाका.

एकही सापडत नाही आणि डोळ्याला नाव दिसतंय? मग फाइल बहुधा जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेली आहे (श्रीलिपी, कृतीदेव वगैरे), तिथे शोध चालणारच नाही, आधी मजकूर युनिकोडमध्ये कन्व्हर्ट करा. लेटरहेड किंवा शिक्का चित्र म्हणून चिकटवला असेल तरी तेच, तिथे चित्रच बदलायचं. Track Changes चालू असेल तर बंद करा, नाहीतर खोडलेलं जुनं नाव फाइलमध्ये राहतं आणि पुन्हा शोधलं की परत दिसतं, लोक उगाच घाबरतात.

आणि जुन्या पत्रांचे संदर्भ! ‘आस्थापना विभागाचे पत्र क्र. …, दि. …’ हे तसंच ठेवायचं, तेव्हा नाव तेच होतं. असे संदर्भ असलेल्या फाइल्स आधीच बाजूला काढा आणि तिथे Replace All न करता Find Next आणि Replace करत एकेक बघा.