सत्काराला उत्तर देण्याआधी

पुरस्काराचं पत्र आलं की आधी संयोजकांना फोन करा आणि दोनच गोष्टी विचारा: मनोगताला वेळ किती आणि माझ्याआधी कोण बोलणार. तुमच्या कामाचा परिचय कोणी करून देणार असेल, तर ते काम पुन्हा सांगायची गरज उरत नाही. दोन-तीन मिनिटं मिळाली तर अडीचशे ते तीनशे शब्द पुरे. टाळ्या आणि आवंढे यांतही वेळ जातोच.

मग कागद घ्या आणि ज्यांचे आभार मानायचे ती सगळी नावं लिहून काढा. हा कागद व्यासपीठासाठी नाही. कार्यक्रमाच्या आधीच एकेकाला भेटून किंवा फोन करून आभार माना. यादी व्यासपीठावर वाचली की सभागृह चौथ्या नावापासून ऐकणं सोडतं, आणि जे नाव राहून जातं ते मात्र वर्षभर लक्षात राहतं.

आता एक प्रसंग शोधा, एकच. समजा, तुम्ही दर रविवारी दृष्टिहीन ज्येष्ठांना पुस्तकं वाचून दाखवता. "या कार्यातून मला खूप शिकायला मिळालं" हे वाक्य कोणीही म्हणेल. त्याऐवजी सांगा: "एका रविवारी माझा घसा बसला होता. पान उघडलं, पण आवाज फुटेना. तेव्हा पुढच्या खुर्चीतल्या आजी म्हणाल्या, आज तुम्ही ऐका, आम्ही सांगतो. मागच्या तीन प्रकरणांची गोष्ट त्यांनी मला शब्दाशब्दाने ऐकवली. त्या दिवशी मला कळलं, मी वाचतो तेव्हा किती कान लावून ऐकतात." बारा नावांचं काम इथे त्या एका आजींनी केलं. उरलेल्यांसाठी एक वाक्य ठेवा, पण त्यांच्या कामावरून: "माझ्याआधी येऊन दार उघडणारे आणि नंतर खुर्च्या लावून ठेवणारे आज इथेच बसले आहेत." ज्याचं त्याला कळतं.

"मी या पुरस्काराच्या लायक नाही" हे वाक्य खोडा. नम्रपणा वाटतो खरा, पण निवड समितीला तुम्ही चुकलात असं म्हटल्यासारखं होतं.

पहिलं आणि शेवटचं वाक्य पाठ करा, मधला मजकूर टिपणावर मोठ्या अक्षरांत. पुरस्काराचं आणि संस्थेचं नाव मात्र जसंच्या तसं लिहा, ऐन वेळी तेच अडखळतं. उभं राहून, मोठ्याने, घड्याळ लावून तीनदा म्हणा. मनातल्या मनात वाचलं तर वेळेचा अंदाज हमखास कमी येतो. एखाद्या वाक्यावर दरवेळी गळा दाटत असेल तर ते काढू नका, लहान करा आणि त्याच्याआधी श्वासाची खूण करून ठेवा.

आणि माईकपाशी जाण्याआधी सन्मानचिन्ह कोणाच्या तरी हातात द्या. एका हातात ते आणि दुसऱ्या हातात टिपण धरून माईकची उंची सारखी करता येत नाही.